तारीख, ठिकाण आणि पोचपावती

घरमालक आणि भाडेकरू एकमेकांना पत्र लिहितात तेव्हा ते तिसराही कुणीतरी वाचणार आहे, हे दोघांना ठाऊक असतं. तो तिसरा म्हणजे वकील, आणि वेळ आलीच तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयातले न्यायाधीश. म्हणून मुंबईच्या जुन्या चाळींमध्ये पत्रं जपून लिहिली जातात आणि त्याहून जपून ठेवली जातात. भाडेपावत्या, मनीऑर्डरच्या पोचपावत्या, नोटिसा, लाइटची बिलं असं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

म्हातारा भाडेकरू आणि इमारतीचा तरुण वारस यांच्या पत्रव्यवहारातून उलगडणारी कथा हा प्रकार नवोदित लेखकांना मोह पाडतो. पिढ्यांचं अंतर, आठवणी, पडायला आलेली वास्तू, शेवटी मनं जुळणं असा सगळा माल हाताशी तयार असतो. अशा कथा बहुतेक वेळा फसतात, कारण त्यातली दोघं एकमेकांशी फार लवकर मनमोकळं बोलू लागतात. तिसऱ्या पत्रात आजोबा आपल्या गेलेल्या बायकोबद्दल लिहितात, चौथ्यात वारसाचे डोळे पाणावतात. खऱ्या व्यवहारात असं होत नाही. इथे शाईने लिहिलेली प्रत्येक ओळ पुरावा असते, आणि कथेची खरी ताकद तिथेच आहे. ज्या दोघांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलणं परवडत नाही, ती दोघं बोलतात कशी, हे पाहण्यासारखं असतं.

पत्रातून कथा सांगायचे दोन जुने मार्ग आहेत. एकात पत्र एकाच बाजूचं असतं. रवींद्रनाथांची १९१४ सालची ‘स्त्रीर पत्र’ ही मृणालने पुरीहून नवऱ्याला लिहिलेलं एकच पत्र आहे. उत्तर नाही, उत्तराची गरजही नाही. चेखवच्या ‘वांका’मधला पोरगा तर पाकिटावर पुरता पत्ताही लिहीत नाही. पत्र पोहोचणार नाही हे वाचकाला कळतं, त्याला कळत नाही. दुसऱ्या मार्गात पत्रं दोन्हीकडून येतात. हेलेन हॅन्फची ‘८४, चेअरिंग क्रॉस रोड’ ही कथा नव्हे, न्यूयॉर्कची लेखिका आणि लंडनमधलं जुन्या पुस्तकांचं दुकान यांच्यातला १९४९पासूनचा खराखुरा पत्रव्यवहार आहे. पण त्यातून शिकण्यासारखं एक आहे. तिथेही सुरुवात मागणी आणि बिलापासून होते, आणि ओळख वाढते ती व्यवहाराच्या आडून. आपल्या भाडेकरूच्या कथेला हा दुसरा मार्ग हवा, फक्त व्यवहारात थोडं विष मिसळलेलं.

ते विष कायद्यातून येतं, म्हणून कायदा थोडा समजून घ्यावा लागतो. मुंबईत १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी जवळपास १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली. महागाई वाढत गेली आणि भाडं जागच्या जागी राहिलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडणं परवडेना. जागा हातची सुटताना किंवा नवा भाडेकरू येताना मोठी रक्कम घ्यायची पागडीची पद्धत चालत राहिली. ती बेकायदा होती, आणि सगळे ती देत-घेत होते. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्यांच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. मालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढ मिळाली आणि पागडी कायदेशीर झाली. भाडेकरूचं संरक्षण मात्र मोठ्या प्रमाणात तसंच राहिलं.

मी कथा बेतायला बसलो तर ती इथेच, २००० सालच्या जूनमध्ये सुरू करीन. एक तर कायदा नवा कोरा आहे आणि दोन्ही बाजूंना तो नीट उमगलेला नाही. दुसरं म्हणजे खिशात मोबाइल आलेला नाही. आजच्या काळात ही माणसं पत्रं का लिहितात याचं उत्तर देता देता लेखकाची दमछाक होते. २०००मध्ये ते आपोआप मिळतं. वारस बंगळुरूला नोकरी करतो, भाडेकरू बाईंना कमी ऐकू येतं, फोन शेजाऱ्यांकडे आहे, आणि वकिलांनी बजावलंय की जे काय असेल ते लेखी.

तर पात्रं दोन. इंदिराबाई, वय ७९, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गिरगावातल्या तीन मजली चाळीत दुसऱ्या मजल्यावर अकरा नंबरची खोली. भाडं महिना ९६ रुपये. पावती अजून नवऱ्याच्या नावाने फाटते, आणि नवरा १९९१मध्ये वारलाय. दुसरा निखिल, वय २६. त्याच्या निपुत्रिक चुलत आजोबांनी मृत्युपत्राने त्याला चाळ ठेवली. बावीस खोल्या, सगळ्यांचं मिळून महिन्याला दोन हजारांच्या आसपास भाडं. त्यातून झाडूवाला, पाण्याचा पंप आणि कर. खोल्या रिकाम्या असत्या तर चाळीला केवढा भाव आला असता हे त्याला एका दलालाने सांगून ठेवलंय. हा दलाल पत्रांत येऊ द्यायचा नाही. आला की तो खलनायक होतो, आणि मग निखिलला आपोआप चांगलं व्हावं लागतं.

नवा मालक भाडेकरूला पहिलं पत्र पाठवतो ते ओळख करून द्यायला नसतं. मालकी बदलली, यापुढे भाडं माझ्याकडे द्यावं, एवढं कळवणारी ती नोटीस असते. कथाकाराला ही नोटीस म्हणजे देणगीच आहे. ‘आपणांस माहीत आहेच की ही इमारत अमुक साली बांधली’ असलं वाक्य दोन माणसांच्या पत्रात खोटं वाटतं, कारण माहीत असलेलं कुणी कुणाला लिहीत नाही. नोटिशीत मात्र नेमकं तेच लिहायची रीत आहे. खोली क्रमांक, मजला, भाडं, मालकाचा वारसाहक्क कसा, सगळं एका परिच्छेदात वाचकाला मिळून जातं, कुणाला शंकाही न येता.

“श्री. विनायक गोविंद … यांस. विषय : खोली क्र. ११, दुसरा मजला. आमच्या कोणत्याही हक्कांस बाधा न येता आपणांस कळविण्यात येते की, सदर मिळकत मृत्युपत्रान्वये आमच्या मालकीची झाली असून माहे जुलै २०००पासून भाडे, चार टक्के वाढीसह, खालील पत्त्यावर पाठवावे.”

उत्तर आठ दिवसांनी येतं, आंतर्देशीय पत्रावर, शिक्षिकेच्या अक्षरात.

“मा. मालक यांस, सा. न. वि. वि. आपली नोटीस मिळाली. ज्यांच्या नावे ती धाडली ते नऊ वर्षांपूर्वी कैलासवासी झाले असल्याने मीच उघडली. सदर खोलीत मी १९४८पासून राहते. पावती माझ्या नावे करून मिळावी अशी विनंती आपल्या काकाआजोबांना तीन वेळा लेखी केली होती, प्रती जपून ठेवल्या आहेत. मोरीच्या वरचे छत गळते. कळावे. ता. क. ‘मिळकत आमच्या मालकीची झाली असून’ नंतर स्वल्पविराम हवा होता.”

इथे दोन गोष्टी एकदम झाल्या. स्वल्पविरामाने बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. आणि ‘प्रती जपून ठेवल्या आहेत’ या चार शब्दांनी त्यांनी आपली बाजू भक्कम केली. भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो, असं कायदा सांगतो. १९४७च्या कायद्यातही हीच सोय होती. म्हणजे हक्क इंदिराबाईंकडे आहेच. कमतरता आहे ती त्यांच्या नावाच्या एका कागदाची. पावतीवरचं नाव बदलणं मालकाच्या हातात असतं, आणि पुष्कळ मालक ते वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवतात. कथेला हवी असलेली मागणी अशीच असावी लागते. मागणारीच्या दृष्टीने फार मोठी, देणाऱ्याला एका सहीचं काम, आणि तरी ती सही सहजासहजी देता येत नाही.

निखिलचं दुसरं पत्र वकिलांनी सांगितलेलं आहे. खोलीत सध्या कोण कोण राहतं, त्यांचं आपल्याशी नातं काय आणि केव्हापासून, एवढं कळवावं. वरवर चौकशी आहे. पण बाईंच्या माघारी खोली कुणाकडे जाईल हे या उत्तरावर ठरू शकतं, कारण सोबत कोण राहत होतं हाच प्रश्न पुढे कोर्टात येतो. वाचकाला हे समजावून सांगायचं नाही. बाईंना ते समजलंय एवढं दाखवलं की पुरे. आणि ते दाखवायचं तर त्यांनी प्रश्नाला उत्तरच द्यायचं नाही. पत्रकथेत न दिलेलं उत्तर फार बोलतं. समोरासमोरच्या संवादात माणूस गप्प बसला तर लेखकाला ‘ती गप्प राहिली’ असं लिहावं लागतं, पत्रात ते वाचकालाच जाणवतं.

त्याच पत्राच्या तळाशी मात्र टाइप केलेल्या मजकुराखाली पेनने लिहिलंय, “ता. क. लहानपणी काकाआजोबांबरोबर भाडं घ्यायला यायचो. दुसऱ्या मजल्यावर एक बाई मला पाढे विचारायच्या. त्या तुम्हीच का?” ताजा कलम ही पत्रातली सगळ्यांत कामाची जागा आहे. वकिलाने मजकूर वाचून दिला, सही झाली, मग पाकीट बंद करण्याआधी माणूस स्वतः दोन ओळी लिहितो. वर ‘आपण’ आहे, खाली ‘तुम्ही’ आलं. एवढ्या फरकावर पानभर भावना तोलता येतात.

बाईंचं उत्तर पत्राने येत नाही, मनीऑर्डरीने येतं. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुराला बोटभर जागा असायची आणि पैसे घेणाऱ्याची सही असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत यायची. “जुलैचे भाडे. वाढीसह ९९ रु. ८४ पैसे होतात, १०० पाठवले. १६ पैसे पुढे धरावे. सत्तावीसचा पाढा तुला यायचा नाही.” ‘मालक’ गेले, ‘तू’ आला. आणि पाठवणाऱ्याच्या जागी नाव इंदिराबाईंचं आहे. निखिल पैसे घेतो, सही करतो, पोच गिरगावात परत जाते. ज्या नावाने पावती द्यायला तो कचरत होता, त्या नावाकडून भाडं घेतल्याचा सहीचा कागद आता बाईंच्या ट्रंकेत आहे. वकील त्याच्यावर वैतागतील. बाईंनी हे ठरवून केलं की सहज झालं, याचा पत्ता लागू द्यायचा नाही. प्रेम आणि डावपेच एकाच ओळीत मावतात की नाही, यावर ही कथा उभी राहते किंवा कोसळते. सईद मिर्झांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो!’मधलं म्हातारं जोडपं चाळीच्या दुरुस्तीसाठी मालकावर खटला भरतं, आणि पुढे कोर्टच त्यांचं जगणं खाऊन टाकतं. इंदिराबाईंना ते टाळायचं आहे. कोर्टात त्या हरतील असं नाही. निकाल लागेपर्यंत त्या असतील की नाही, एवढाच प्रश्न आहे.

पुढचे पाच महिने एकही पत्र नाही. अशा खंडात काय घडलं ते वाचकाने तुकड्यातुकड्यांतून जुळवायचं असतं, आणि इथे तुकडा एकच पुरतो. मनीऑर्डर दर महिन्याला येत राहते. ऑगस्टची येते, सप्टेंबरची येते, पण मजकुराची जागा कोरी. डिसेंबरच्या शेवटी निखिल लिहितो, “मनीऑर्डरवरचं अक्षर गेले चार महिने वेगळं आहे. तुमची तब्येत बरी आहे ना?” हे वाक्य मी या कथेतलं सर्वांत चांगलं मानतो, कारण ते दोन्ही अर्थांनी खरं आहे. त्याला काळजी वाटतेय. आणि भाडेकरू खोलीत राहतच नाहीत असा संशय आलेला मालकही नेमकं हेच विचारील.

कायद्यातली कळीची तरतूद इथे येते. जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी ती योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. चाळीत या सहा महिन्यांची भीती सगळ्यांना असते. गावी गेलेल्या माणसाच्या खोलीत शेजारी संध्याकाळी दिवा लावतात तो केवळ अंधार नको म्हणून नव्हे.

जानेवारीत उत्तर येतं. आधीच्या पत्रांप्रमाणे उजव्या कोपऱ्यात ठिकाण आणि तारीख आहे. फक्त या वेळी ठिकाण वेगळं.

“नाशिक, १२ जानेवारी २००१. चि. निखिल यास अनेक आशीर्वाद. ९ ऑगस्टला जिन्यात घसरले. पायरी ओली होती. छताचे मी कळवले होतेच. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून मुलीकडे आहे. चालायला मार्च उजाडेल म्हणतात. भाडे समोरच्या खोलीतला मुलगा भरतो, अक्षर त्याचे आहे. त्याला मीच शिकवले, पण अक्षराकडे त्याने कधी लक्ष दिले नाही.”

९ ऑगस्टपासून सहा महिने भरतात ९ फेब्रुवारीला. पत्र लिहिलं तेव्हा जेमतेम चार आठवडे बाकी आहेत, आणि बाईंनी स्वतःच्या हाताने, तारखेसकट, मालकाला कळवून टाकलंय की मी खोलीत नाही आणि मार्चपर्यंत असणार नाही. आंतर्देशीयावर नाशिकच्या पोस्टाचा शिक्काही आहे. निखिलने काहीही करायची गरज नाही. त्याने फक्त गप्प बसायचं आणि तो कागद जपून ठेवायचा.

इथवर आलेला लेखक बहुधा चुकतो तो पुढच्या पत्रात. निखिलचं हृदयपरिवर्तन होतं, तो ‘आजी, ही खोली तुमचीच आहे’ असं लिहितो, आणि कथेतली सगळी हवा निघून जाते. त्या वाक्याची कायद्यात किंमत फार, पण गोष्टीत ते स्वस्त पडतं. दयाळूपणा दाखवायचाच असेल तर तो त्या दोघांच्या व्यवहाराच्या भाषेत दाखवावा. माझा निखिल लिहितो :

“बंगळुरू, ३१ जानेवारी. आपले १२ तारखेचे पत्र मिळाले. पत्रावर ठिकाण घालायचे राहिलेले दिसते. नेहमीप्रमाणे गिरगावातून लिहिले असे धरून चालतो. शुक्रवारच्या भूकंपाने चाळीला काही झाले का ते समोरच्या मुलाकडून कळवावे. जिना दुरुस्त करायला माणूस पाठवत आहे.”

भूकंपाची ओळ मी सजावटीला घातलेली नाही. पत्रावर खरी तारीख टाकली की ती तारीख आपल्याबरोबर तेव्हाचं जग घेऊन येते. २६ जानेवारी २००१च्या सकाळी भूजला भूकंप झाला, त्याचे हादरे मुंबईपर्यंत जाणवले. जुन्या चाळीचा मालक पाच दिवसांनी पत्र लिहितो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, हे कुणालाही पटणार नाही. तारखा घालायच्या तर कॅलेंडर समोर ठेवून घालाव्यात; वार, सण, पाऊस, संप सगळं जुळायला लागतं. ते जमत नसेल तर साल गाळून नुसता ‘श्रावण’ लिहावा, कुणी विचारत नाही.

निखिलने या पत्रात एक खोटं लिहून ठेवलंय, आणि ते लेखी आहे. उद्या वकिलांनी कितीही म्हटलं तरी त्याचं स्वतःचंच पत्र आडवं येईल. त्याने स्वतःची वाट स्वतः बंद केली, आणि तीही ‘आपले’, ‘कळवावे’ अशा कोरड्या भाषेत. पुष्कळ कथाकार इथे थांबतील. थांबायला हरकत नाही, वाचक खूश होतो. पण असं थांबलं तर बाई फक्त उपकार घेणाऱ्या उरतात, आणि पहिल्या पत्रात स्वल्पविराम शोधणारी बाई असा उपकार मुकाट्याने घेणार नाही. आठव्या पत्रात त्यांना बोलू द्यायलाच हवं.

“नाशिक, ५ फेब्रुवारी २००१. चि. निखिल यास आशीर्वाद. माझ्या पत्रावर ठिकाण घातलेले होते. चाळीस वर्षे मुलांना पत्रलेखन शिकवले, ठिकाण घालायचे मी विसरत नाही. तू पुन्हा पाहावेस. सोबत शस्त्रक्रियेच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. आजारपण हे योग्य कारण धरतात असे इथले एक वकील म्हणाले. तुझ्या वकिलांनाही विचार. जिना दुरुस्त केल्याबद्दल बरे वाटले. फेब्रुवारीचे भाडे मीच इथून पाठवत आहे.”

आता वाचकाला मागचं सगळं पुन्हा वाचावं लागतं. नाशिकचं ठिकाण त्यांनी भाबडेपणाने घातलं नव्हतं. आपल्या बाजूने कायदा काय म्हणतो हे बाईंनी आधी विचारून घेतलं होतं. तरतुदीतले ‘योग्य कारणाशिवाय’ हे शब्द त्यांना ठाऊक होते. म्हणजे त्यांनी विश्वास टाकला की परीक्षा घेतली? माझ्या मते दोन्ही. शिक्षिका प्रश्न विचारते तेव्हा उत्तर तिला माहीत असतंच, तरी पोराला ते यावं अशी इच्छाही असते. आणि फेब्रुवारीची मनीऑर्डर, जी आतापर्यंत शेजारचा पोरगा गिरगावातून लपूनछपून भरत होता, ती उघडपणे नाशिकहून निघाली.

ही घडण नुसत्या हुशारीवर तगत नाही, तिला आवाज वेगळे लागतात. पत्रकथा तपासायची माझी एक साधी रीत आहे. नावं आणि मायने झाकायचे आणि मधलं कुठलंही वाक्य वाचायचं. ते कुणाचं ते कळलं नाही, तर दोन्ही पात्रं लेखकाच्याच तोंडाने बोलताहेत. इंदिराबाई लेखी मराठी लिहितात, ‘मोडले’, ‘म्हणतात’, ‘धरावे’. त्यांची वाक्यं आखूड, आणि टोमणा नेहमी शेवटी. निखिलचे आवाज दोन आहेत. नोटिशीतला ‘सदर’ आणि ‘माहे’ वाला, जो त्याचा नाहीच, आणि ताज्या कलमातला बोलका. सातव्या पत्रात तो पुन्हा नोटिशीच्या भाषेत जातो, पण या वेळी ती भाषा तो स्वतः वापरतोय, वकील त्याच्या तोंडात घालत नाहीये.

मायन्यांचंही तसंच. ‘श्री. विनायक’पासून ‘मा. मालक, सा. न. वि. वि.’, मग मायना नसलेली मनीऑर्डर, मग ‘चि. निखिल यास अनेक आशीर्वाद’ आणि शेवटच्या पत्रात ‘अनेक’ गळून नुसतं ‘आशीर्वाद’. ते एक विशेषण गळलं यातच बाई रागावल्यात हे आलं. एवढी साधनं आपल्या जुन्या पत्रलेखनात पडलेली असताना ‘प्रिय आजी’ने सुरुवात करायची वेळ येऊ नये.

एकूण आठ पत्रं, त्यांपैकी एक मनीऑर्डरवर. शब्द साधारण हजार-बाराशे होतील, मासिकाच्या चार पानांत बसतील. पावती इंदिराबाईंच्या नावाने झाली का, चाळ विकली गेली का, हे मी लिहिणार नाही. झालीच असेल तर ती पावती नववं पत्र ठरेल, आणि निखिलला ती फाडावीशी वाटली तरी वकिलांशी एकदा बोलूनच फाडील, इतपत शहाणा तो या सात महिन्यांत झालाय.